गप्प गांडूळ

माझी मावशी रायगड जिल्ह्यातल्या एका भातशेतीच्या गावात बालवाडी चालवायची. तिची दोनशे पानी वही सध्या माझ्याकडे आहे. वहीच्या डाव्या पानावर गद्य उतारे आणि उजव्या पानावर त्याच उताऱ्यांची तिने केलेली गाणी अशी मांडणी आहे. बरीचशी गाणी बेताचीच आहेत, हे भाचा असूनही सांगायला हवं. पण एका पानावर मी दर वेळी थांबतो. त्या पानावर डावीकडे हा उतारा आहे. शेजारच्या चौथीतल्या मुलाच्या वहीतून तिने तो उतरवून घेतला होता.

‘गांडूळ जमिनीत बीळ करून राहते. त्याला डोळे, कान व पाय नसतात. गांडूळ ओलसर त्वचेतून श्वसन करते. त्वचा कोरडी पडल्यास ते मरते. गांडूळ माती व कुजलेला पालापाचोळा खाते आणि विष्ठेवाटे बाहेर टाकते. या विष्ठेमुळे जमीन सुपीक होते व पिकांच्या मुळांना पोषण मिळते. बिळांमुळे मातीत हवा खेळती राहते आणि पाणी मुरते. म्हणून गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणतात.’

आणि उजवीकडे हे:

नाही डोळे, नाही पाय,
मातीखाली करते काय?

माती खाते, पाला खाते,
मागे गोळ्या सांडत जाते.

ओले ओले अंगच नाक,
ऊन लागता वाटे धाक.

मातीखाली गप्प गांडूळ,
गोळ्या चोखत वाढते मूळ.

आठ ओळी आहेत. साडेचार-पाच वर्षांच्या मुलांना त्या दोन दिवसांत पाठ होत, असं मावशी सांगायची. तिच्या सांगण्यात थोडी मायेची भर असेल, तरीही डावीकडचा उतारा त्या वयात कुणालाही पाठ होणार नाही, हे कबूल करावं लागेल. होण्याचं कारणही नाही, कारण तो पाठ करायला लिहिलेलाच नाही, समजायला लिहिलेला आहे. त्यात चूकही काही नाही. मग उजवीकडे जाताना मावशीने नेमकं काय काय केलं?

सगळ्यात आधी तिने नाव लपवलं. गद्यातला पहिलाच शब्द ‘गांडूळ’ आहे. गाण्यात तो सातव्या ओळीच्या शेवटी येतो. त्याआधी सहा ओळी मूल एका अनोळखी प्राण्याचा विचार करत असतं. डोळे नाहीत, पाय नाहीत, तरी मातीखाली काहीतरी करतंय. हे कोण? ही आपल्या कोड्यांची जुनी रीत आहे. खुणा सांगायच्या आणि नाव पोटात ठेवायचं. गाण्याला म्हणूनच तिने शीर्षक दिलेलं नाही. वहीच्या कोपऱ्यात नुसतं ‘गां.’ असं लिहून ठेवलंय, तेही बहुधा स्वतःला सापडावं म्हणून. पुढे जो कुणी हे गाणं छापील त्याने वर ठळक अक्षरात ‘गांडूळ’ असं लिहिलं, तर गाण्याचा अर्धा जीव तिथेच जाईल.

दुसरी गोष्ट तालाची. ती जरा सावकाश सांगतो, कारण ‘यमक जुळलं की झालं’ असं समजणाऱ्यांची गाणी तिथेच पडतात. मराठीत ह्रस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ अक्षराच्या दोन. ह्रस्व अक्षरावर अनुस्वाराचा किंवा पुढच्या जोडाक्षराचा भार पडला, तर त्याच्याही दोन. माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’त हा हिशेब अगदी खोलात जाऊन केलेला आहे. मावशीने ते पुस्तक पाहिलेलंही नव्हतं. ती टाळ्या वाजवायची. ‘नाही डोळे’ म्हणजे दोन, दोन, दोन, दोन, मिळून आठ. ‘नाही पाय’ म्हणजे सात, आणि आठव्या मात्रेला श्वास. ‘मातीखाली’ आठ, ‘करते काय’ सात आणि पुन्हा श्वास. दुसऱ्या जोडीत तो श्वासही नाही. ‘माती खाते, पाला खाते’ हे आठ आणि आठ असं भरगच्च आहे, तोंडात घास असल्यासारखं. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही ओळी एका मापाच्या आहेत, आणि प्रत्येक ओळीत आठव्या मात्रेला शब्द संपतो.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. वहीत खोडलेली एक ओळ अशी आहे: ‘ओल्या अंगाने घे श्वास’. मोजून पाहा, पंधरा मात्रा आहेत. म्हणजे ‘नाही डोळे, नाही पाय’ इतक्याच. कागदावर हिशेब चोख. पण टाळी वाजवून म्हटलं की ‘ओल्या अंगा’ इथे आठ मात्रा संपतात आणि दुसरा ठोका ‘ने’वर पडतो. मूल ‘ओल्या अंगा, ने घे श्वास’ असं म्हणायला लागतं, आणि ‘ने’ म्हणजे काय ते त्याला कळत नाही. मोठी माणसं डोळ्यांनी वाचतात, म्हणून हा दोष आपल्याला दिसत नाही. मूल ऐकतं. त्याला शब्द तुटलेला लगेच कळतो, आणि कळलं की ते ती ओळ चुकीची तरी म्हणतं किंवा गाळून पुढे तरी जातं. कुठलंही बालगीत तपासायचं असेल तर हा उपाय स्वस्त आहे. टाळीवर म्हणा, आणि दुसरी टाळी शब्दाच्या पोटात बसते का ते पाहा.

त्या खोडलेल्या ओळीच्या जागी आलं, ‘ओले ओले अंगच नाक’. माझ्या मते गाण्यातली सगळ्यात चांगली ओळ हीच. ‘ओलसर त्वचेतून श्वसन करते’ या गद्य वाक्यात ‘करते’ सोडलं तर मुलाच्या ओळखीचा एकही शब्द नाही. ‘त्वचा’ आणि ‘श्वसन’ हे शब्द पाच वर्षांच्या जिभेलाही जड आहेत. मावशीने सोपा प्रतिशब्द शोधला असता तर ‘कातडी’ मिळाली असती. ती प्रतिशब्दाच्या वाटेला गेलीच नाही. श्वास घेणं हे मुलाला कुठे माहीत असतं? नाकात. मग या प्राण्याचं नाक कुठे? सगळं अंगच नाक! सगळं काम त्या एका ‘च’ने केलंय. ‘अंग नाक’ म्हटलं असतं तर नुसती यादी झाली असती. ‘अंगच नाक’ म्हटल्यावर मूल हसतं आणि स्वतःच्या पोटाला हात लावून बघतं.

या ओळीत एक धोका आहे. अंग नाक असेल तर त्याला नाकपुड्याही असतील, असं मुलाला वाटू शकतं. बालवाडीत एका पोराने त्याच्याही पुढचं विचारलं होतं, ‘मग त्याला शेंबूड येतो का?’ वर्ग खिदळला. मावशी म्हणाली, ‘येतो की! सगळ्या अंगाला येतो!’ आणि हे उत्तर अगदी बरोबर होतं. गांडुळाच्या अंगावर बुळबुळीत स्रावाचा थर असतो. त्या थरामुळे कातडी ओली राहते, हवेतला प्राणवायू त्या ओलीत विरघळतो आणि आत झिरपतो. तो थर सुकला की गांडूळ गुदमरतं. ‘त्वचा कोरडी पडल्यास ते मरते’ या गद्य वाक्यामागचं कारण हेच आहे, आणि गद्याने ते सांगितलेलं नाही. गाण्यानेही सांगितलेलं नाही, पण त्या वेड्या प्रश्नाला जागा ठेवली. मरणाचा उल्लेख मात्र मावशीने टाळला. ‘मरते’च्या जागी ‘धाक’ आला. त्यात थोडी माहिती गेली हे खरं, पण ऊन गांडुळाला बाधतं ही गोष्ट गेली नाही.

त्याच ओळीत एक खोडाखोड आहे आणि तिची गंमत सांगण्यासारखी आहे. आधी तिथे ‘ऊन पाहता वाटे धाक’ असं होतं. मात्रा बरोबर, ताल बरोबर, यमकही बरोबर. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी एका मुलीने मावशीला अडवलं. ‘बाई, त्याला डोळे नाहीत ना? मग पाहतं कसं?’ पहिल्या ओळीत सांगितलेली गोष्ट सहाव्या ओळीत बाईच विसरल्या होत्या! मावशीने ‘पाहता’ खोडून ‘लागता’ लिहिलं. दोन्ही पाच मात्रांचे शब्द, त्यामुळे चालीला धक्का नाही. पण फरक केवढा पडला. मराठीत ऊन लागतं, थंडी वाजते, ठेच लागते, भूक लागते. हे सगळं अंगाला कळतं, डोळ्यांची गरज नसते. चार्ल्स डार्विनने गांडुळांवरचं पुस्तक 1881 मध्ये प्रसिद्ध केलं. ते त्याचं शेवटचं पुस्तक. गांडुळांना डोळे नसले तरी त्यांच्या पुढच्या टोकावर उजेड पडला की ती बिळात परततात, हे त्याने पाहून त्यात नोंदवलं आहे. उजेड त्यांच्या अंगालाच कळतो. म्हणजे ‘लागता’ हा शब्द डार्विनलाही चालला असता. चूक काढली ती मात्र एका शेंबड्या पोरीने.

गाणं पाठ होतं, म्हणूनच त्यातली चूक महाग पडते. गद्यातलं चुकीचं वाक्य परीक्षेनंतर विसरलं जातं. गाण्यातलं चुकीचं वाक्य साठाव्या वर्षीही तसंच आठवतं. मावशीला हे कळत होतं, आणि त्याचा पुरावा शेवटच्या जोडीत आहे.

‘गांडूळ’ला मराठीत एक इतकं सुरेख यमक आहे की ते कुणालाही मोहात पाडील: ‘तांदूळ’. मावशीही मोहात पडली. आधीचा शेवट असा होता:

शेतामध्ये लाल गांडूळ,
ताटामध्ये मऊ तांदूळ!

वाचताना काय छान वाटतं! शेत आणि ताट समोरासमोर, लाल आणि मऊ समोरासमोर, आणि मधलं सगळं कारण न सांगता कळलेलं. आठ-आठ मात्रांचा बांधाही एकदम घट्ट. मी त्या वेळी तिथे असतो तर ‘याला हात लावू नकोस’ म्हणालो असतो. पण तिथे मामा होते. मामांचा जन्म भाताच्या खाचरात गेला. त्यांनी गाणं ऐकलं आणि म्हणाले, ‘ताई, खाचरात पाणी भरलं की गांडुळं बांधावर येतात गं. चिखलात भात वाढतो, तिथे कुठलं तुझं गांडूळ? भाजीच्या वाफ्यात दाखव हवं तर.’ मावशी म्हणे दोन दिवस घुश्शात होती. मग तिने ती जोडी खोडली. एकच रेघ मारली आहे, तीसुद्धा हलकी. मन होत नसावं.

कुणी म्हणेल, एवढं काय? भात कापल्यावर तेच खाचर कोरडं असतं, कडधान्य घेतात, तेव्हा गांडूळ असेलच की. असेल. पण ती जोडी नुसतं ‘असतं’ असं म्हणत नव्हती, गांडुळामुळे तांदूळ येतो असं सुचवत होती. आणि ती ज्या मुलांसाठी होती ती भात लावणाऱ्यांची मुलं होती. घरी जाऊन त्यांनी म्हटलं असतं आणि आजोबा हसले असते. मावशीने मोठं यमक सोडलं आणि लहान घेतलं: ‘मूळ’. हे यमक डाव्या पानावरच्या वाक्यातून आलंय, ‘पिकांच्या मुळांना पोषण मिळते’ या वाक्यातून. पहिलं यमक शब्दाने सुचवलं होतं आणि वस्तू त्याच्यामागे ओढली होती. दुसरं वस्तूतून आलं, शब्द मागाहून जुळला.

ही नवी जोडी मला जुनीइतकी झगझगीत वाटत नाही, पण जवळून पाहिली की ती अधिक शहाणी आहे. ‘गप्प गांडूळ’मधला ‘गप्प’ बघा. ‘लाल’च्या जागी आलाय, तितक्याच तीन मात्रांचा. ‘लाल’ने रंग दिला असता, तोही सगळ्या गांडुळांना लागू न पडणारा. ‘गप्प’मधला जोड ‘प’ म्हणताना ओठ बंद होतात, मूल क्षणभर खरंच गप्प होतं आणि पुढच्या ‘गां’वर तोंड उघडतं. सगळ्या गाण्यात ‘गोळ्या’ सोडला तर हे एकच जोडाक्षर आहे, आणि ते नावाच्या बरोबर आधी ठेवलंय.

मग ‘गोळ्या’. ‘विष्ठा’ हा शब्द टाळायचा तर पर्याय दोनच, एक घरचा आणि एक दिसण्यावरून घेतलेला. घरचा शब्द ऐकून वर्ग अर्धा तास हसला असता आणि पुढचं गाणं बुडालं असतं. गांडूळखत ज्यांनी हातात घेतलंय त्यांना माहीत आहे की ते चहाच्या भुकटीसारखं बारीक गोळ्यागोळ्यांचं दिसतं. तेव्हा ‘गोळ्या’ हा दिसण्यातून आलेला खरा शब्द आहे. मुलाला मात्र त्यात लिमलेटची गोळी दिसते. मावशीने तो गैरसमज दूर केला नाही, उलट शेवटच्या ओळीत कामाला लावला: ‘गोळ्या चोखत वाढते मूळ’. मूळ माती चावत नाही. पाण्यात विरघळलेलंच ते घेतं. म्हणजे ‘खात’पेक्षा ‘चोखत’ जास्त बरोबर आहे, आणि मुलाला गोळी चोखण्याचा अनुभवही दांडगा असतो.

इथे एक गोष्ट हळूच घडली आहे. गद्यात कारण आणि परिणाम जोडायला शब्द आहेत: ‘विष्ठेमुळे’, ‘बिळांमुळे’, ‘म्हणून’. हे शब्द पाच वर्षांच्या मुलाला पेलत नाहीत. गाण्यात एकही ‘मुळे’ नाही आणि एकही ‘म्हणून’ नाही. मग गांडूळ आणि मूळ यांचा संबंध मुलाला कळतो कसा? दुसऱ्या जोडीत गांडूळ गोळ्या सांडतं, चौथ्या जोडीत मूळ त्याच गोळ्या चोखतं. तोच शब्द दोनदा आला, एवढंच. शिवाय गांडूळ आणि मूळ हे शब्द यमकाने एकमेकांना बांधलेले. ‘शेतकऱ्याचा मित्र’ हे बिरुद तिने सोडून दिलं ते बरंच केलं. मैत्री दिसली, मग सांगायची कशाला?

‘सांडत’वर एक वाद अजून शिल्लक आहे. मूळ शब्द ‘मांडत’ होता: ‘मागे गोळ्या मांडत जाते’. ‘मागे’ आणि ‘मांडत’ यांचा म-म जुळतो, आणि रांगोळीचे ठिपके मांडावेत तसं काही डोळ्यांपुढे येतं. मला तोच आवडतो. पण मुलं म्हणताना हटकून ‘सांडत’ म्हणायची. मावशीने तीन-चारदा सुधारलं आणि मग वहीत स्वतःच बदल केला. मुलांच्या बाजूने सांगायचं तर गांडूळ काही मांडत नाही, सांडतच जातं. आणि सांडणं हा मुलांचा रोजचा उद्योग आहे. गाणं पाठ करणाऱ्याने शब्द बदलला आणि ताल न बिघडता अर्थ अधिक खरा झाला, तर तो बदल घ्यावा. आपल्या जात्यावरच्या ओव्या अशाच घडत गेल्या आहेत.

आता राहिली बिळं. ‘मातीत हवा खेळती राहते आणि पाणी मुरते’ हे गद्यातलं वाक्य गाण्यात कुठेच नाही, आणि ही गाण्यातली खरी उणीव आहे. विसरली म्हणावं तर पानाच्या तळाशी पेन्सिलीने ही जोडी लिहिलेली आहे:

बिळात वारा, बिळात पाणी,
मुळे मुळे मग गाती गाणी.

पहिली ओळ झकास आहे. आठ आणि आठ, ‘बिळात’ दोनदा आलेला, म्हणजे एकदा वारा आत शिरला आणि एकदा पाणी. गद्यातलं अख्खं वाक्य चार शब्दांत बसलं, आणि काही सांडलं नाही. दुसरी ओळ मात्र भरतीची आहे. मुळं गात नाहीत. ‘पाणी’ आलं की ‘गाणी’ येणार, हे मराठी बालगीतांचं जुनं दुखणं आहे, आणि ते एकदा लागलं की फुलं गातात, ढग गातात, शेवटी मुळंही गायला लागतात. मावशीने ही ओळ खोडलेली नाही, तिच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. दुसरी ओळ सापडेना आणि पहिली टाकवेना, म्हणून जोडी गाण्याबाहेर राहिली. खोटी ओळ घालून गाणं पुरं करण्यापेक्षा एक वस्तुस्थिती बाहेर ठेवणं तिने पसंत केलं, आणि मला तो निर्णय पटतो.

ते प्रश्नचिन्ह आजही तिथेच आहे. मी स्वतः बराच वेळ घालवून पाहिला. ‘राणी’ सुचते, ‘कहाणी’ सुचते, ‘शहाणी’ सुचते, आणि तिन्ही वेळा मामा आठवतात. वाचकांपैकी कुणाला सोळा मात्रांची, आठव्या मात्रेला शब्द न तोडणारी आणि मुळांबद्दल खरं बोलणारी ओळ सुचली, तर जरूर कळवा. वहीत तेवढीच जागा मोकळी आहे.